भाऊंचा फोन बंद असताना कंपनीचं कुलूप कसं उघडायचं: अडीअडचणीच्या दोन खात्यांच्या नोंदी

वरूड-मोर्शी पट्ट्यातलं एक संत्रा ग्रेडिंग-वॅक्सिंग केंद्र. कायमची माणसं चौदा. कंपनीचे मेल, बागवानांचा हिशोब, गाड्यांच्या याद्या सगळं गूगल वर्कस्पेसवर. माझं तालुक्याला संगणक दुरुस्तीचं दुकान आहे आणि या कंपनीचं काम सहा वर्षांपासून माझ्याकडे आहे. आपल्या भागात अशाच मापाच्या कंपन्या सांभाळणारे बरेच जण आहेत, त्यांच्यासाठी या नोंदी जशा लिहिल्या तशाच ठेवतो.

८ जानेवारी २०२५

आधी डिसेंबरात काय झालं ते. भाऊ, म्हणजे मालक, रात्री अमरावतीहून परत येत होते. मोर्शीच्या अलीकडे गाडीसमोर रोही आडवा आला. बरगड्या मोडल्या, डोक्याला मार लागला. पाच दिवस नागपूरला आयसीयूत होते. खिशातल्या फोनचा चुरा झाला.

त्याच आठवड्यात डिस्पॅच पाहणाऱ्या पोराने नवा फोन घेतला आणि जुना विकून टाकला. त्याच्या लॉगिनचा दुसरा टप्पा त्या जुन्या फोनवर होता. दोन दिवसांनी ऑफिसच्या संगणकावरून तो बाहेर पडला आणि परत आत जाता येईना. त्याला आत घ्यायचं तर सुपर अ‍ॅडमिन लागतो, आणि कंपनीत सुपर अ‍ॅडमिन एकच, भाऊ. बागवानांच्या हिशोबाचं शीट या दोघांनाच दिसायचं.

मी गूगलची अ‍ॅडमिन खातं परत मिळवायची वाट धरली. तिथे डोमेन आपलंच आहे हे दाखवायला त्याच्या डीएनएसमध्ये एक नोंद घालावी लागते. डोमेनच्या खात्यात शिरायला गेलो तर त्याचा कोड जाणार भाऊंच्या कंपनीच्या मेलवर, आणि तो मेल उघडायला भाऊंचा फोन हवा. डुप्लिकेट सिम काढायला गेलो तर ज्याच्या नावावर सिम आहे तोच माणूस समोर पाहिजे. ४३ बागवानांचे पैसे अडकले. आंबिया बहाराचा शेवटचा माल होता, लोक केंद्राच्या फाटकावर येऊन बसत होते. सहाव्या दिवशी भाऊ बोलायला लागले तेव्हा कुठे वाट सापडली.

हे माझ्या हातचं काम होतं आणि सहा वर्षांत मी ते केलं नव्हतं. आज एका कोऱ्या कागदावर कंपनीची प्रत्येक खाती-दारं लिहिली आणि समोर बाण काढून एवढंच लिहिलं की याचा कोड कोणाच्या फोनवर किंवा कोणत्या मेलवर जातो. नऊ दारं निघाली. नऊच्या नऊ बाण एकाच मोबाईल नंबरवर जाऊन थांबले.

१२ जानेवारी

भाऊंच्या घरी बसलो. वहिनी होत्या, दिवाणजी होते. दिवाणजींचं म्हणणं सरळ होतं, भाऊंचा पासवर्ड एका पाकिटात घालून तिजोरीत ठेवा. ते चालणार नाही हे डिसेंबरनेच दाखवलं. पासवर्ड मला तेव्हाही माहीत होता, अडलं ते फोनपाशी. शिवाय भाऊ पासवर्ड बदलतील आणि पाकिटातला शिळा होईल. आणि त्यांच्या नावाने कोणी काही केलं तर नोंदीत भाऊंनीच केल्याचं दिसेल.

म्हणून ठरलं ते असं. रोजच्या वापरात अजिबात नसलेली दोन वेगळी सुपर अ‍ॅडमिन खाती काढायची. एरवी बंद, आग लागली की काच फोडून किल्ली काढतात तशी वापरायची. दोन यासाठी की एकाची किल्ली हरवली किंवा पासवर्ड चुकला तर दुसऱ्याने पहिलं दुरुस्त करता यावं. दिवाणजींनी त्यांना अडीअडचणीची खाती असं नाव दिलं, तेच धरलं.

भाऊंनी एक रास्त प्रश्न विचारला. "म्हणजे माह्या माघारी कोणीबी माहे मेल वाचू शकते काय?" मी खरं ते सांगितलं. सुपर अ‍ॅडमिन कोणाचाही पासवर्ड बदलू शकतो आणि मग त्याच्या खात्यात शिरू शकतो. हे थांबवणारं बटण नाही. आपल्या हातात एवढंच आहे की एकट्याला ते करता येऊ नये, आणि कोणी केलं तर तासाभरात सगळ्यांना कळावं. त्यावर मांडणी केली. पहिल्या खात्याचा पासवर्ड सीलबंद पाकिटात दिवाणजींकडे, आणि यूएसबीला लावायची सिक्युरिटी की वहिनींकडे घरी. दोघं एकत्र आले तरच दार उघडेल. दुसऱ्या खात्याचा पूर्ण संच बँकेच्या लॉकरमध्ये. लॉकरचा निर्णय चुकला, तो पुढे येईल.

काच कधी फोडायची हेही लिहून घेतलं: भाऊ चार तास कोणत्याच मार्गाने सापडत नसतील, आणि काम दुसऱ्या दिवसावर ढकलता येत नसेल, तेव्हाच.

१४ जानेवारी

संक्रांत, केंद्र बंद होतं म्हणून आज बसलो. दोन्ही खाती काढली. नावात `admin` ठेवलं नाही, कारण पासवर्ड चालवून पाहणारे तेच नाव आधी घेतात. सुपर अ‍ॅडमिनची भूमिका दिली.

संध्याकाळी बिलाच्या पानावर दोन माणसं वाढलेली दिसली. नवीन खातं काढलं की त्याला पैशाचा परवाना आपोआप लागावा अशी सेटिंग चालू होती. या खात्यांना मेलबॉक्स लागतच नाही. गूगलची क्लाउड आयडेंटिटी म्हणून एक मोफत आवृत्ती आहे, तिच्यावर अ‍ॅडमिन खातं चालतं. ती घेतली, `Billing > License settings` मध्ये आपोआप परवाना बंद केला, दोघांचे परवाने काढले. नुकसान थोडं झालं, पण ही खाती वर्षानुवर्षं पडून राहणार आहेत. पैसे लागत असते तर कधी तरी कोणी खर्च कमी करताना "ही वापरतच नाही कोणी" म्हणून उडवली असती.

सिक्युरिटी की ऑनलाइन मागवल्या. चार नग, प्रत्येक खात्याला दोन. किंमत एकेकीची ₹२,९००.

२६ जानेवारी

आजचा दिवस वाईट गेला. पण या सगळ्या कामात सगळ्यात जास्त शिकलो तो आजच, म्हणून नीट लिहितो.

की आल्या. चारही सी-टाइपच्या. ऑफिसचा आणि दिवाणजींचा दोन्ही संगणक जुने, चौकोनी यूएसबीचे. छोटा अडॅप्टर लावून चालतं, पण अडीअडचणीच्या वेळी तो अडॅप्टर कुठे आहे हे कोण शोधणार? परत पाठवून जुन्या यूएसबीच्या आणि फोनच्या पाठीला टेकवून चालणाऱ्या मागवल्या. कुरिअरचे ₹१८० आणि आठ दिवस गेले.

तोवर निदान पासवर्डने आत जाऊन बघू म्हणून पहिल्या खात्यात लॉगिन केलं. आत घेईना. संस्थेच्या नियमाप्रमाणे दुसरा टप्पा लावलेला नाही, अ‍ॅडमिनशी बोला, असा निरोप. दुसऱ्या खात्याचंही तेच.

कारण माझंच होतं. दोन वर्षांपूर्वी मी सगळ्यांना टू-स्टेप सक्तीचं केलं होतं. `Security > Authentication > 2-step verification` मध्ये `New user enrollment period` असते, म्हणजे नव्या माणसाला दुसरा टप्पा लावायला दिलेली मुदत. ती मी एक आठवडा ठेवली होती. खाती १४ तारखेला काढली, की यायची वाट बघत बसलो, २१ तारखेला मुदत संपली आणि दोन्ही खाती बाहेर राहिली. भाऊ घरीच होते म्हणून त्यांच्या खात्यातून दोघांना बॅकअप कोड काढून दिले आणि पाच मिनिटांत सुटलं. पण समजा मी १४ तारखेला खाती काढून, पाकिटं सील करून, काम झालं म्हणून घरी गेलो असतो. मग पुढच्या अपघातात आमच्याकडे दोन पाकिटं असती आणि एकही खातं उघडलं नसतं.

पहिल्यांदा मनात आलं की या दोन खात्यांना सक्तीतून सूट देऊन टाकावी. तसं केलं नाही. कंपनीतली सगळ्यात ताकदीची खाती नुसत्या पासवर्डवर उघडी ठेवण्यात अर्थ नाही. मुदत तशीच ठेवली आणि नियम लिहिला: अडीअडचणीचं खातं ज्या दिवशी काढायचं त्याच दिवशी त्यावर की चढवायची.

३ फेब्रुवारी

नव्या की आल्या. प्रत्येक खात्यावर दोन-दोन चढवल्या. दोन्ही खाती एका वेगळ्या गटात टाकली आणि त्या गटाला एसएमएस आणि फोन कॉलवरचा कोड बंद केला. `Only security key` असाही पर्याय आहे. तो मुद्दाम घेतला नाही, कारण त्यात कागदावर छापून ठेवलेले बॅकअप कोड चालत नाहीत, फक्त दुसऱ्या अ‍ॅडमिनने दिलेले कोड थोड्या मुदतीपुरते चालतात. मला कागदावरचे कोड तिसरी वाट म्हणून हवे होते. एका वेळी दहा कोड मिळतात, प्रत्येक एकदाच चालतो, आणि नवा संच काढला की जुना रद्द होतो. म्हणून पाकिटावर संच काढल्याची तारीख घातली.

खात्याचा रिकव्हरी फोन आणि मेल रिकामा ठेवला. भाऊंचा नंबर टाकायला हात गेला होता. टाकला असता तर तोच दहावा बाण झाला असता.

५ फेब्रुवारी

पासवर्ड. पहिला मी चोवीस अक्षरांचा यंत्राने काढला आणि हाताने लिहिला. दिवाणजींना टाकून बघायला सांगितलं. तीन वेळा चुकलं. शून्य की ओ, एक की एल, कळत नव्हतं. माझं अक्षर बरं आहे, तरी. मग फासे टाकून सहा शब्द निवडले, सगळे छोट्या रोमन अक्षरांत, मध्ये आडवी रेघ. नमुना असा दिसतो (हा खरा नाही):

```
palas-tiphan-rohi-mohara-bandi-ukhal
```

दिवाणजींनी पहिल्या झटक्यात टाकला. शब्द आपण मनाने निवडायचे नाहीत एवढी काळजी घ्यायची. मनाने निवडले की गाव, देव आणि पोरांची नावंच येतात.

छापायला दुकानातला बिलाचा प्रिंटर जवळ होता, त्यावर काढून पाकीट बंद केलं. रात्री लक्षात आलं की तो थर्मल कागद आहे. उष्णतेने तो फिका पडतो, आणि आमच्याकडे मे महिन्यात पत्र्याखालचं कपाट काय तापतं ते वेगळं सांगायला नको. सकाळी पाकीट फोडून लेझर प्रिंटवर मोठ्या अक्षरात काढलं. इंकजेटचा कागद ओला झाला तर शाई पसरते, म्हणून तोही नको. कागद प्लास्टिकच्या पिशवीत, मग पाकिटात, चिकटवलेल्या जागी भाऊ आणि दिवाणजी दोघांच्या आडव्या सह्या, वर पाकीट क्रमांक १.

९ फेब्रुवारी

डोमेन. डिसेंबरात याच ठिकाणी आम्ही गोल गोल फिरलो होतो. खात्याचा मेल बदलून कंपनीबाहेरचा ठेवला, जो फक्त याच कामासाठी काढला आणि ज्याचा पासवर्ड पाकिटात आहे. मुदत एप्रिलमध्ये संपत होती आणि नूतनीकरण भाऊंच्या कार्डावर होतं. पाच वर्षांचे पैसे आजच भरले.

सगळं झालं असं वाटलं. सराव म्हणून एक साधी टीएक्सटी नोंद घालून पाहिली. डोमेनच्या पानावर नोंद दिसत होती, बाहेर काही दिसेना. अर्धा तास मी थांबून राहिलो, वेळ लागत असेल म्हणून. मग हे चालवलं:

```
nslookup -type=ns amchadomain.in
```

उत्तरात नेमसर्व्हर भलत्याच ठिकाणचे आले. चार वर्षांपूर्वी वेबसाइट बनवून देणाऱ्याने डीएनएस स्वतःच्या होस्टिंगवर वळवलं होतं. म्हणजे मी ज्या दाराला नवं कुलूप लावलं त्या दाराचा उपयोग नव्हता, खरं दार दुसऱ्याच माणसाच्या खात्यात होतं. त्याला फोन केला. तो आता पुण्यात नोकरीला आहे, भला माणूस, त्याने सगळ्या नोंदी उतरवून दिल्या. नेमसर्व्हर परत आणायच्या आधी मेलच्या एमएक्स नोंदी आणि एसपीएफची ओळ एकेक करून जुळवल्या, कारण त्यातली एक राहिली असती तर कंपनीचे मेल थांबले असते. बदल रविवारी रात्री केला. सोमवारी मेल नीट येत होते.

तुम्ही हे काम करणार असाल तर ही आज्ञा सगळ्यात आधी चालवा. मी सातव्या नोंदीऐवजी पहिल्या दिवशी चालवायला हवी होती.

१६ फेब्रुवारी

इशारा. भाऊंना शब्द दिला होता की कोणी काच फोडली तर कळेल. लॉगिनच्या नोंदींवर नियम लावला: या दोनपैकी कोणत्याही खात्यातून यशस्वी लॉगिन झालं की भाऊ, वहिनी, दिवाणजी आणि मला मेल. चौघांचेही पत्ते कंपनीबाहेरचे घेतले, कारण ज्याच्या हातात सुपर अ‍ॅडमिन आहे तो कंपनीतल्या पेटीतला मेल पुसू शकतो.

चाचणी केली, मेल आला नाही. नियम तीनदा पुसून लिहिला. नियम बरोबर होता. मी ज्या ब्राउझरमध्ये बघत होतो तिथे ते खातं आधीच उघडं होतं, त्यामुळे नव्याने लॉगिन झालंच नव्हतं आणि नोंदही पडली नव्हती. बाहेर पडून खासगी खिडकीतून शिरलो, काही मिनिटांनी चारही फोनवर मेल आला. यातून आणखी एक गोष्ट कळली की खातं उघडं सोडून कोणी उठलं तर पुढचा वापर हा इशारा पकडणार नाही. म्हणून सूचनेच्या कागदावर शेवटची ओळ घातली, काम झालं की साइन-आउट, आणि ते ज्याने बघितलं त्याची सही.

२ मार्च: पहिला सराव

रविवार. भाऊंचा फोन बंद करून कपाटात ठेवला, ते स्वतः अंगणात बसले. मी ऑफिसबाहेर पायरीवर, बोलायचं नाही असं ठरवून. आत वहिनी आणि दिवाणजी. काम असं दिलं: डिस्पॅचच्या पोराचा फोन हरवला आहे, त्याला परत आत घ्या.

एक तास पन्नास मिनिटं लागली. आवाजावरूनच कळत होतं कुठे अडलं ते.

सूचना मी इंग्रजीत लिहिल्या होत्या. का लिहिल्या, याचं मला आता उत्तर सापडत नाही. पडद्यावरचे शब्द इंग्रजीत ठेवायचे पण काय करायचं ते मराठीत हवं होतं. मग की लावली आणि दोघं वाट बघत बसले. पडदा सांगत होता पण की वरच्या पिवळ्या चकतीला बोट टेकवावं लागतं हे कागदावर नव्हतं. "काहून काहीच नाही होऊन राहिलं?" असं दिवाणजी दोनदा म्हणाले, आणि मी पायरीवर हात आवळून बसलो.

सगळ्यात मोठं अडलं ते पिनवर. कीला चार आकडी पिन लावला होता आणि तो मी पाकिटात लिहिलाच नव्हता. वहिनींनी अंदाजाने तीन वेळा टाकला. लागोपाठ तीन चुकले की की काढून परत लावेपर्यंत ती ऐकत नाही, आणि एकूण आठ चुकले की पुरती बंद होते. मग ती पुसून नव्याने चढवावी लागते, आणि ते करायला खातं आधी उघडं पाहिजे. चौथ्या वेळेच्या आधी मी उठलो आणि सराव थांबवला.

पिन पाकिटात गेला, पासवर्डच्याच कागदावर. की वहिनींकडे आणि पिन दिवाणजींकडे, म्हणजे चोराच्या हाती एकटी की लागली तरी उपयोग नाही. सूचना मराठीत, दीड पान, प्रत्येक पायरीला पडद्याचा फोटो. दुपारी तीनला परत केलं. बावीस मिनिटं. त्यात सात मिनिटं लाइट गेली होती आणि वहिनींनी स्वतःच लॅपटॉप आणि मोबाईलचं हॉटस्पॉट जोडलं.

सरावानंतर पासवर्ड बदलला, नवं पाकीट, क्रमांक २. फोडलेलं पाकीट परत चिकटवायचं नाही.

१६ मार्च: दुसरं खातं

आज लॉकरमधला संच काढून बघायचा होता. आज रविवार, बँक बंद. आणि बोलता बोलता कळलं की लॉकर एकट्या भाऊंच्या नावावर आहे. म्हणजे भाऊ सापडत नसताना वापरायचा संच भाऊंशिवाय उघडत नाही अशा जागी मी दीड महिना ठेवला होता. १२ जानेवारीला चौघं बसलो होतो, एकाच्याही डोक्यात आलं नाही.

वहिनींनी सुचवलं, अमरावतीला आत्या आहेत, भाऊंच्या थोरल्या बहीण, निवृत्त शिक्षिका. संच तिथे नेला. भाऊ आणि वहिनी एकाच गाडीत असताना काही झालं तर काय, हा प्रश्न कोणी मोठ्याने विचारला नव्हता, पण त्याचंही उत्तर या जागेने मिळालं. आत्यांनी एकच विचारलं, कोण मागायला आलं तर द्यायचं? उत्तर कागदावर लिहून दिलं: दिवाणजी स्वतः समोर आले तर, आणि द्यायच्या आधी वहिनींना किंवा माझ्या दुकानाला फोन. फोनवरून कोणी कोड वाचून दाखवा म्हणालं तर नाही म्हणायचं, तो भाऊंचा आवाज असला तरी.

२३ मार्च

पाकिटात काय घालायचं नाही. दिवाणजींना वाटत होतं की नेट बँकिंगचा पासवर्ड आणि भाऊंचं डिजिटल सहीचं टोकनही त्यात जावं. दोन्हीला मी नाही म्हटलं. दुसऱ्याच्या टोकनने सही करणं म्हणजे त्याच्या नावाने सही ठोकणं, ते कायद्यात बसत नाही. वहिनी कंपनीत संचालक आहेतच, त्यांची स्वतःची डिजिटल सही काढायला टाकली. बँकेत ठराव देऊन दिवाणजींना पेमेंट भरणारा आणि वहिनींना मंजूर करणारी अशी नावं लावली. बँकेच्या चार फेऱ्या झाल्या. सगळ्यात जास्त दिवस याच कामाने खाल्ले, पण यात संगणकाचं काही नाही म्हणून इथे थांबतो.

२४ एप्रिल

संध्याकाळी ७:४० ला फोनवर इशारा आला: पहिल्या खात्यातून लॉगिन. सराव ठरलेला नव्हता. दिवाणजींना फोन लावला. शांतपणे म्हणाले, "आम्ही दोघं बसलो हाओत जी, वहिनी बाजूलेच हायेत." भाऊ तपासणीला नागपूरला गेले होते, फोन लागत नव्हता. डिस्पॅचच्या पोराचा फोन खरंच विहिरीत पडला होता आणि रात्री दोन गाड्या निघायच्या होत्या. अठरा मिनिटांत त्याला बॅकअप कोड देऊन, साइन-आउट करून, वहीत सह्या करून दोघं मोकळे झाले. मला विचारायची गरज पडली नाही.

मात्र भाऊ न सापडून चार तास झाले नव्हते, चाळीस मिनिटं झाली होती. मी वहीवर तसं लिहिलं. रागावून उपयोग नव्हता, कारण गाड्या खरोखर निघायच्या होत्या. चूक नियमात होती. एका पोराचा फोन हरवला या एवढ्याशा कामाला कंपनीची सगळ्यात मोठी किल्ली लागावी हेच चुकीचं.

२७ एप्रिल

दिवाणजींना `User Management Admin` ही तयार भूमिका दिली, त्यांच्या रोजच्या खात्यावर नाही, वेगळ्या खात्यावर, स्वतःच्या कीसह. त्यातून ते साध्या माणसांचे पासवर्ड बदलू शकतात, दुसऱ्या टप्प्याचे कोड देऊ शकतात. भाऊंच्या किंवा अडीअडचणीच्या खात्याला हात लावू शकत नाहीत. डिसेंबरातली निम्मी अडचण एवढ्यानेच सुटली असती. हे काम मी पहिल्या आठवड्यात करायला हवं होतं. तुम्ही करणार असाल तर इथून सुरुवात करा आणि काच फोडायची खाती त्याच्या मागे उभी करा.

पाकीट क्रमांक ३ सील केलं. आतापर्यंतचा खर्च: की चार आणि दिवाणजींची एक, ₹१४,५००. कुरिअर ₹१८०. डोमेनचे पैसे कधी तरी भरायचेच होते, ते धरले नाहीत. माझे बसून दिलेले तास साधारण ४०, त्यातले निम्मे माझ्याच चुका निस्तरण्यात.

पुढची तपासणी २७ जुलैला. दोन्ही खात्यांत खासगी खिडकीतून शिरून बघायचं, चारही की एकेक लावायच्या, इशारा चौघांना जातो का पाहायचा. आत्यांकडे दिवाणजी स्वतः जातील, मी नाही.